उलट्या अक्षरांची पाटी: चोरीला गेलेला व्हिडिओ यूट्यूबवरून उतरवताना

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरच्या झांक्या, म्हणजे गिरणी कामगारांचे चित्ररथ, निघतात तेव्हा जेल रोडपासून राजवाड्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोबाइल वर धरलेले असतात. गिरण्या बंद पडल्या, तरी कामगारांनी झांक्या बंद पडू दिल्या नाहीत. त्यामुळे एकाच झांकीचे शेकडो व्हिडिओ दुसऱ्या दिवशी यूट्यूबवर दिसतात, आणि त्यांतला एखादा आपलाच, दुसऱ्याच्या नावाने चढवलेला असला तर तो ‘आपला’ आहे हे सांगणे वाटते तितके सोपे नसते. आमच्या २२ मिनिटे ४० सेकंदांच्या व्हिडिओचे असेच झाले. तो उतरवताना काय काय करावे लागले आणि कुठे थांबावे लागले, ते क्रमाने लिहितो आहोत. झांकीच्या जागी लग्नाची वरात, नाटकाची तालीम किंवा पुरणपोळीची कृती असली तरी पद्धत हीच.

व्हिडिओ सकाळी सातच्या सुमारास चढला होता. दुपारी तीन वाजता एका नेहमीच्या प्रेक्षकाने लिहिले, “ताई, तुमचाच व्हिडिओ दुसऱ्या चॅनेलवर चाललाय बहुतेक. पण त्यात मिलच्या नावाची पाटी उलटी वाचावी लागतेय.” उघडून पाहिले तर खरेच झांकीच्या पुढच्या पाटीवरची अक्षरे आरशात दिसावीत तशी. चित्र डावे-उजवे फिरवलेले होते, कोपऱ्यातले आमचे नाव दिसू नये म्हणून कडा कापलेल्या होत्या, आणि सुरुवातीचा आमचा परिचयाचा भाग गायब होता. नकला आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेला चकवा द्यायला हे तीन उपाय सर्रास करतात.

अशा वेळी हात पहिल्यांदा त्या व्हिडिओखाली कमेंट लिहायला जातो. तो आवरावा. कमेंट दिसली की समोरचा आपल्याला ब्लॉक करतो, शीर्षक बदलतो किंवा व्हिडिओ थोडे दिवस प्रायव्हेट करून पुन्हा उघडतो, आणि मग दाखवायला आपल्याकडे काही उरत नाही. आधी पुरावा साठवायचा. संगणकावर ते पान उघडून शीर्षक, चॅनेलचे नाव, तारीख, पाहिले गेल्याचा आकडा आणि वरची पूर्ण लिंक एकाच चित्रात येईल असा स्क्रीनशॉट घ्यायचा. लिंकमध्ये `watch?v=` नंतर येणारी अकरा अक्षरे म्हणजे त्या व्हिडिओची कायमची ओळख. शीर्षक कितीही बदलले तरी ती बदलत नाही, म्हणून ती वेगळी लिहून ठेवायची. चॅनेलचेही तसेच. `@` ने सुरू होणारे नाव बदलता येते, पण चॅनेलच्या माहितीत शेअरच्या बटणाखाली मिळणारा `UC` ने सुरू होणारा क्रमांक तोच राहतो.

मग मुख्य काम, म्हणजे चित्र आपल्याच कॅमेऱ्याचे आहे हे दाखवणे. झांकी सगळ्यांची आहे. आमच्या शेजारी उभे राहून कुणी त्याच कोपऱ्यातून तीच झांकी टिपली असेल, तर तो व्हिडिओ त्याचा. हक्क रेकॉर्डिंगवर असतो, विषयावर किंवा कल्पनेवर नसतो. म्हणून ‘तीच झांकी, तोच रस्ता’ हा पुरावा होत नाही. पुरावा होतात त्या गोष्टी, ज्या आपल्या कॅमेऱ्यासमोर योगायोगाने घडल्या.

आमच्या व्हिडिओत ४ मिनिटे ३७ सेकंदांवर वडिलांच्या खांद्यावर बसलेली एक लहान मुलगी पिपाणी वाजवत फ्रेममध्ये येते आणि दोन क्षण तिच्या पिपाणीचे टोक रावणाच्या चेहऱ्यावर येते. त्या चॅनेलवरही ती होती, फक्त उजवीकडची डावीकडे झालेली, आणि वेळ ३ मिनिटे ४६ सेकंद. पुढे ११:५२ ला गर्दीचा धक्का लागून कॅमेरा हलतो. तिकडे तो धक्का १०:४० ला. १८:२० ला आम्ही एक शॉट तोडून गच्चीवरचे दृश्य जोडले आहे. तिकडे तीच जोडणी १६:५० ला. हे तीन आकडे शेजारी मांडले की आणखी एक गोष्ट कळते. फरक आधी ५१ सेकंद, मग ७२, मग ९०, असा वाढत जातो. फक्त सुरुवात कापली असती तर फरक सगळीकडे सारखा राहिला असता. वाढता फरक म्हणजे व्हिडिओचा वेग वाढवला आहे. हिशेब केला तर सुरुवातीचे ४० सेकंद काढून उरलेला भाग १.०५ पट वेगाने चालवला होता. एकूण लांबी २० मिनिटे ५७ सेकंद निघते, आणि तेवढीच होती.

अशा तीन-चार जागा पुरेत. प्रत्येक जागेचे दोन स्क्रीनशॉट घ्यायचे, एक आपला आणि एक त्याचा. त्याचा फोनच्या गॅलरीत फ्लिप करून आपल्या शेजारी ठेवायचा. कॅमेऱ्यातून उतरवलेल्या मूळ फाइली कार्डावरून पुसायच्या नाहीत. आपल्या यूट्यूबवरच्या प्रतीत कापाकापी झालेली असते. मूळ फाइलींत त्या आधीचे आणि नंतरचे जे वाया गेलेले चित्रण असते, ते चोराकडे असूच शकत नाही. वाद वाढला तर तोच सर्वांत बोलका पुरावा.

यूट्यूबचा तक्रारीचा फॉर्म उघडण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा लागतो: ह्या व्हिडिओचा हक्क नक्की कुणाचा? भारतात कॉपीराइट निर्मितीबरोबरच मिळतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि यूट्यूबच्या फॉर्मसाठीही लागत नाही. पण मालक कोण ह्याचे उत्तर साफ हवे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १७ असे सांगते की, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन कुणाकडून चित्रपट करून घेतला, तर पहिला मालक पैसे देणारा. आणि कायद्याच्या भाषेत व्हिडिओ हा चित्रपटच. म्हणजे गणेश मंडळाने पैसे देऊन उत्सवाचा व्हिडिओ करून घेतला असेल तर मालक मंडळ ठरते, आणि कॅमेरामनने परस्पर तक्रार करणे चुकीचे.

आमच्या बाबतीत गाठ गच्चीवरच्या दृश्यांत होती. ती भाच्याने घरचे काम म्हणून शूट केली होती, पैशाचा व्यवहार नाही. अशा मोफत मिळालेल्या भागावर पुढे वाद निघू शकतो, म्हणून त्याच्याकडून एका कागदावर लिहून घेतले. कलम १९प्रमाणे हक्क दुसऱ्याकडे देताना ते लेखी आणि सहीनिशी हवे. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून ‘कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी’ हे शब्द लिहून घ्यावेत. घरच्या माणसाकडून सही मागायला अवघड वाटते, पण दोन ओळींचा कागद आहे, चतुर्थीच्या दिवशीच घेऊन ठेवावा.

दुसरी गाठ आवाजाची. मिरवणुकीत बँडवर सिनेमाची गाणी वाजतात आणि ती आपल्या व्हिडिओत येतात. त्या गाण्यांचा हक्क आपला नाही. आपल्याच व्हिडिओवर एखाद्या म्युझिक कंपनीचा क्लेम आलेला असेल, तर अनेकांना वाटते की आता आपण तक्रार करूच शकत नाही. तसे नाही. गाण्यावरचा हक्क आणि चित्रणावरचा हक्क वेगळे. फक्त तक्रारीत स्पष्ट लिहायचे की आमचा दावा चित्रणावर आणि आमच्या निवेदनावर आहे, वाजणाऱ्या गाण्यांवर नाही. खरे तेवढेच लिहिणे का महत्त्वाचे, ते पुढे येईलच.

आता फॉर्म. व्हिडिओखालचे रिपोर्टचे साधे बटण हिंसा, अश्लीलता, फसवणूक अशा गोष्टींसाठी असते. पन्नास प्रेक्षकांना सांगून ते बटण दाबायला लावले तरी कॉपीराइटची तक्रार होत नाही. कारण ही तक्रार हक्कदाराने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसानेच करायची असते. तिचा रस्ता वेगळा. संगणकावर यूट्यूब स्टुडिओ उघडायचा, डाव्या बाजूच्या यादीतून कॉपीराइटच्या पानावर जायचे आणि तिथे नवीन रिमूव्हल रिक्वेस्ट सुरू करायची.

पहिली तक्रार आम्ही घाईत भरली आणि उतरवायच्या व्हिडिओच्या जागी त्या चॅनेलची लिंक टाकली, कारण तिथे आमचे आणखीही दोन जुने व्हिडिओ दिसत होते. ती चालत नाही. प्रत्येक व्हिडिओची लिंक स्वतंत्र द्यावी लागते; चॅनेलची, प्लेलिस्टची किंवा शोधाच्या पानाची लिंक उपयोगाची नाही. एकाच तक्रारीत अनेक व्हिडिओ घालता येतात, पण प्रत्येकासमोर आपला कोणता मूळ व्हिडिओ ते द्यावे लागते. मूळ कृती काय, ह्या प्रश्नाला आपल्या स्वतःच्या यूट्यूब व्हिडिओचा पर्याय निवडून आपली लिंक टाकायची. मग नक्कल पूर्ण व्हिडिओत आहे की ठरावीक भागात, ते सांगायचे. काही भागच असेल तर मिनिट-सेकंद द्यायचे. वर शोधलेल्या जागा इथे उपयोगी पडतात. जास्तीची माहिती लिहायच्या चौकटीत आम्ही एवढेच लिहिले: चित्र डावे-उजवे फिरवले आहे, कडा कापल्या आहेत, वेग वाढवला आहे, जुळणाऱ्या तीन जागा ह्या, दावा चित्रणावर आहे, पार्श्वसंगीतावर नाही. संताप, शिव्या, किती रात्री जागलो, हे काही नाही. वाचणाऱ्याला दोन व्हिडिओ शेजारी उघडून मिनिटभरात ताडून पाहता आले पाहिजेत.

नाव आणि पत्ता खरा द्यावा लागतो आणि सहीच्या जागी आपले पूर्ण कायदेशीर नाव टाइप करायचे, चॅनेलचे टोपणनाव नाही. त्याच वेळी हेही लक्षात ठेवावे की हक्कदार म्हणून दिलेले नाव उतरवलेल्या व्हिडिओच्या जागी सगळ्यांना दिसू शकते, आणि आपला ईमेल समोरच्याकडे जातो. म्हणून ह्या कामासाठी वेगळा ईमेल काढावा. घरचा, बँकेला जोडलेला ईमेल देऊ नये. विशेषतः एकट्या बायका-मुली चॅनेल चालवत असतील तर हे आधी करावे, मग फॉर्म.

शेवटी काही विधानांपुढे खुणा करायच्या असतात, आणि लोक त्या न वाचता करतात. हा फॉर्म अमेरिकेच्या १९९८च्या डीएमसीए ह्या कॉपीराइट कायद्यावर उभा आहे. त्यात आपण असे म्हणतो की हा वापर परवानगीशिवाय आहे अशी आमची प्रामाणिक खात्री आहे, आणि आम्ही हक्कदार किंवा त्याचे प्रतिनिधी आहोत हे शपथेवर सांगतो. जाणूनबुजून खोटे लिहिले तर नुकसानभरपाई द्यावी लागू शकते आणि आपलेच चॅनेल जाऊ शकते. गाण्यावर हक्क सांगायचा नाही तो ह्याचसाठी.

ह्याच फॉर्ममध्ये दोन निर्णय घ्यावे लागतात. पहिला, लगेच उतरवा की सात दिवसांची मुदत द्या. मुदत दिली तर समोरच्याला सूचना जाते. त्याने सात दिवसांत स्वतः व्हिडिओ काढला तर त्याला स्ट्राइक, म्हणजे चॅनेलवरचा ठपका, लागत नाही. ऐकायला हे सौजन्याचे वाटते, आणि बरेचदा तेच योग्य असते. पण झांकीचा व्हिडिओ पाहिला जातो तो पहिल्या चार दिवसांत. सात दिवसांनी नक्कल उतरली काय आणि राहिली काय, सारखेच. शिवाय ज्याने चित्र फिरवले, नाव कापले आणि वेग बदलला, त्याला चूक करतोय हे ठाऊकच होते. म्हणून त्या पूर्ण नकलेसाठी आम्ही लगेचचा पर्याय घेतला. दुसरा निर्णय म्हणजे ह्याच व्हिडिओच्या प्रती पुन्हा चढू नयेत यासाठीची खूण. ती जरूर करावी, पण तिच्यावर विसंबू नये; खूप कापलेली किंवा बदललेली प्रत निसटू शकते.

तक्रार पाठवली की पोच ईमेलने येते आणि स्टुडिओच्या त्याच पानावर तिची स्थिती दिसते. अधिक माहिती मागणारा ईमेल आला, तर त्याच ईमेलला त्याच पत्त्यावरून उत्तर द्यायचे. नवी तक्रार घालत बसायचे नाही, दोन तक्रारी एकमेकींत अडकतात. चॅनेलच्या लिंकची चूक आम्ही अशा उत्तरातूनच दुरुस्त केली. त्या दिवसांत आपला मूळ व्हिडिओ अजिबात काढायचा नाही. काहींना वाटते, शीर्षक नीट करून, नाव मोठे टाकून पुन्हा चढवू. तसे केले तर आपली लिंक मरते, तक्रारीतला आधार जातो आणि आपलीच तारीख चोराच्या तारखेनंतरची होते. छोटी कापाकापी स्टुडिओतल्या एडिटरमध्ये करता येते, लिंक तीच राहते.

ह्या शोधात आणखी दोन व्हिडिओ सापडले, आणि दोन्हींना एकच औषध लागू नव्हते. एक होता ४० सेकंदांचा शॉर्ट, आमच्याच चित्रणातून तोडलेला. शॉर्ट पाहिला की आधी बघायचे, तो यूट्यूबच्याच रीमिक्सच्या सोयीने केला आहे का. तसा असेल तर शॉर्टवर मूळ व्हिडिओची लिंक दिसते. आपण रीमिक्सला परवानगी चालू ठेवलेली असते तेव्हा ही सोय सगळ्यांना खुली असते; तिथे चोरीची तक्रार बसत नाही, आपल्या व्हिडिओच्या सेटिंगमध्ये रीमिक्स बंद करणे हा मार्ग. त्याच पानावर लायसन्सचाही पर्याय असतो. तिथे चुकून क्रिएटिव्ह कॉमन्स निवडलेले असेल, तर नाव देऊन वापरायची मुभा आपणच सगळ्यांना दिलेली असते. आमचे दोन्ही तपासले; हा शॉर्ट सरळ उतरवून चढवलेला होता. चॅनेल एका कॉलेजच्या मुलाचे दिसत होते, नाव कापलेले नव्हते. त्याच्यासाठी सात दिवसांची मुदत दिली. दुसऱ्याच दिवशी त्याने शॉर्ट काढला, विषय संपला.

दुसरा व्हिडिओ एका बातम्यांच्या चॅनेलचा होता. मिरवणुकीच्या तीन मिनिटांच्या बातमीत आमची बारा सेकंदांची दृश्ये, खाली आमचे नाव. त्यावर आम्ही तक्रार केली नाही. नाव दिले म्हणजे परवानगी मिळाली असे मुळीच नाही, हे अनेकांना सांगावे लागते. पण चालू घडामोडींचे वार्तांकन करताना केलेला मर्यादित, रास्त वापर आपल्या कायद्याच्या कलम ५२मध्ये उल्लंघन धरलेला नाही, आणि अमेरिकेच्या कायद्यातही रास्त वापराचा विचार तक्रार करण्याआधीच करावा लागतो. बारा सेकंद, निवेदन त्यांचे, हेतू बातमीचा. अशा ठिकाणी टेकडाउन टाकणे आम्हाला अन्यायाचे वाटते.

यूट्यूबवरचा निकाल दुसऱ्या ठिकाणी चालत नाही. तीच पूर्ण नक्कल फेसबुकच्या एका पेजवरही होती. तिथे मेटाचा स्वतःचा कॉपीराइट फॉर्म भरावा लागतो, पोस्टची नव्हे तर त्या व्हिडिओची लिंक कॉपी करून. ईमेलमध्ये येणारा रिपोर्ट क्रमांक जपून ठेवायचा, पुढचा सगळा पत्रव्यवहार त्यावरच चालतो.

यूट्यूबवरची पूर्ण नक्कल उतरली. तिच्या जागी काळ्या पडद्यावर, कॉपीराइटच्या दाव्यामुळे व्हिडिओ उपलब्ध नाही, अशी ओळ आली. समोरच्याच्या चॅनेलला एक स्ट्राइक लागला. स्ट्राइक म्हणजे काय हे समजून घेतले तर पुढचे वागणे कळते. पहिला असेल तर यूट्यूबचा कॉपीराइटचा छोटा पाठ पुरा करून ९० दिवसांनी तो उतरतो. पण ९० दिवसांच्या आत असे तीन झाले तर सगळे चॅनेल बंद होऊ शकते. त्यामुळे ज्याचे पोट चॅनेलवर आहे असा माणूस स्ट्राइक लागला की हालचाल करतोच. तो एकतर विनवणी करतो, नाहीतर काउंटर नोटिफिकेशन, म्हणजे तक्रार चुकीची असल्याचे लेखी उत्तर, टाकतो. ह्या माणसाने आधी दुसरे केले. त्यात लिहिले होते की, व्हिडिओ मी स्वतः जेल रोडवर उभा राहून काढला आहे.

इथे खूप जण घाबरून सोडून देतात, म्हणून नीट सांगतो. काउंटर आपल्याकडे येते ते समोरच्याचे नाव, पत्ता, फोन ह्यांसकट. ती माहिती कायदेशीर कामापुरती. फेसबुकवर टाकून त्याला लोकांच्या तोंडी दिला तर गुन्हेगार आपण होऊ. काउंटर आले की यूट्यूब ‘खरे कोण’ ह्याचा न्याय करत बसत नाही. आपल्याला अमेरिकेतले कामाचे दहा दिवस मिळतात. शनिवार, रविवार आणि तिथल्या सरकारी सुट्ट्या सोडून मोजायचे, म्हणजे सुट्टी आड आली नाही तर सोमवारी आलेल्या काउंटरची मुदत दोन आठवड्यांनी येणाऱ्या सोमवारपर्यंत. तेवढ्या काळात ह्या माणसाला रोखण्यासाठी कोर्टात कारवाई सुरू केल्याचा पुरावा दिला नाही, तर व्हिडिओ परत दिसू लागतो. पिपाणीवाल्या मुलीचे स्क्रीनशॉट इथे पुन्हा पाठवून काही होत नाही. वकिलाची नोटीससुद्धा पुरेशी नाही, कारण नोटीस म्हणजे दावा नव्हे.

‘पण अमेरिकेच्या कोर्टात कोण जाणार?’ हा पहिला प्रश्न. जावे लागत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२मध्ये एक मोठी सोय आहे: ज्याचा हक्क मोडला तो जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. समोरचा दुसऱ्या राज्यातला असला तरी इंदूरला राहणारा माणूस इंदूरमध्ये दावा लावू शकतो. दाव्याबरोबर तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज जोडतात, आणि दाखल झाल्याची प्रत यूट्यूबला काउंटरच्या ईमेलच्या उत्तरात पाठवतात. खर्च आहे, वेळ आहे. चार-पाच हजार वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओसाठी तो करावा की नाही हा प्रत्येकाने आपापला हिशेब करायचा. आमच्या ओळखीच्या एका वकील काकांनी तो पहिल्याच बैठकीत समोर मांडला: “दावा लावायची तयारी ठेवून नोटीस पाठवा. तयारी नसताना पाठवली तर समोरच्याला वास येतो.”

म्हणून तयारी खरोखर केली. मूळ फाइलींच्या प्रती, भाच्याचा कागद, जुळणाऱ्या जागांचा तक्ता, यूट्यूबची पत्रे, सगळे एका फाइलीत लावले. नोटीस स्पीड पोस्टने गेली, तिच्यासोबत सहा चित्रे जोडली: तीन जागांचे आमचे आणि त्याचे स्क्रीनशॉट, आणि कच्च्या चित्रणातली पिपाणीवाल्या मुलीच्या आधीची वीस सेकंदे आमच्याकडे आहेत हे सांगणारी एक ओळ. नोटीस पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला. “भिया, गलती हो गई, स्ट्राइक हटवा दो, आगे से क्रेडिट दे दूँगा.”

ह्या क्षणी मन मऊ होते आणि लगेच तक्रार मागे घेतली जाते. तीच मोठी चूक. तक्रार मागे घेतली की स्ट्राइक जातो, पण त्याबरोबर उतरवलेला व्हिडिओही परत दिसू लागू शकतो, कारण आपला आक्षेपच संपलेला असतो. म्हणून क्रम उलटा ठेवावा लागतो. आधी त्याने आपल्या स्टुडिओतून तो व्हिडिओ पूर्णपणे डिलीट करायचा. नुसते डिलीट केल्याने त्याचा स्ट्राइक उतरत नाही, तो आपल्या हातात राहतो, त्यामुळे शब्द फिरवायचे त्याला कारण नसते. मग फेसबुकवरची प्रत काढायची. मग ईमेलवर चार ओळी: चित्रण आमचे आहे, ते मी परवानगीशिवाय चढवले, दोन जुने व्हिडिओही काढले आहेत, पुढे वापरणार नाही. हे तिन्ही झाल्यावर आपण स्टुडिओतल्या रिमूव्हल रिक्वेस्टच्या यादीत जाऊन ती तक्रार मागे घ्यायची. आम्ही तसेच केले, काउंटरची मुदत संपायला तीन दिवस असताना.

वैध तक्रार एकदा मान्य झाली की आपल्या स्टुडिओत कॉपीराइट मॅच टूल उघडते. कमाई चालू असलेल्या चॅनेलांना ते आधीपासूनच असते. आपल्यानंतर चढलेल्या पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण नकला ते दाखवते. ते स्वतःहून काही उतरवत नाही, आणि प्रत्येक जुळणी चोरीच असते असेही नाही, म्हणून प्रत्येक उघडून पाहावी. चाळीस सेकंदांचा तुकडा त्यात सापडेलच असे नाही. एक अट मात्र महत्त्वाची: यूट्यूबवर तो व्हिडिओ पहिल्यांदा आपण चढवलेला असावा. अनेकांचा घोळ इथेच होतो. रात्रीच हौसेने पूर्ण व्हिडिओ व्हॉट्सॲपच्या चार ग्रुपांत जातो, तिथून कुणीतरी पहाटे यूट्यूबवर टाकतो, आणि आपण सकाळी चहा घेऊन चढवतो तेव्हा तारखेने आपणच नकलाकार ठरतो. तेव्हा टूलचा उपयोग नाही. फॉर्म हाताने भरून मूळ फाइलींच्या आधारावर भांडावे लागते. ग्रुपात यूट्यूबची लिंक पाठवावी, फाइल नाही.

तक्रार मागे घेतल्यावर त्या अकरा अक्षरांची लिंक आम्ही पुन्हा उघडली. दाव्याची ओळ गेली होती. तिच्या जागी व्हिडिओ चढवणाऱ्याने स्वतःच काढून टाकला आहे असे लिहिले होते. त्याचा स्क्रीनशॉट त्याच फाइलीत शेवटी लावला.